लाईट गेली आणि रेकॉर्डिंग तुटलं: न उघडणारा व्हिडिओ कधी परत मिळतो आणि कसा

श्रावणात नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी आमच्या खान्देशात घरोघरी कानबाई बसते. रात्रभर जागरण चालतं, बाया अहिराणी गाणी म्हणतात आणि सोमवारी वाजतगाजत कानबाईचं विसर्जन होतं. शिरपूर तालुक्यातल्या माझ्या मामाच्या गावी ही गाणी अजून तोंडपाठ असणाऱ्या दोनच म्हाताऱ्या उरल्या आहेत. त्यातली एक माझी मोठी मामी. तिची गाणी नीट रेकॉर्ड करून ठेवावीत म्हणून मी कॅमेरा घेऊन गेलो. बॅटरी संपायला नको म्हणून खोटी बॅटरी, म्हणजे बॅटरीच्या आकाराचा तो वायर असलेला ठोकळा, बसवून कॅमेरा सरळ घरच्या बोर्डाला जोडला. सव्वादहाला गाणं सुरू झालं. दहा सदतीसला लाईट गेली. कॅमेरा तिथेच विझला.

दुसऱ्या दिवशी घरी कार्ड लावलं तेव्हा फाइल दिसत होती, तिचा आकारही भरपूर होता, पण कुठल्याच प्लेअरमध्ये ती उघडेना. मामीचा फोन आला, "सापडनं का रे भो?" तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या दोन दिवसांत ते मिळालं. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या, कीर्तन रेकॉर्ड करणाऱ्या किंवा मोबाइलवर घरचा कार्यक्रम टिपणाऱ्या कुणावरही ही वेळ येऊ शकते, म्हणून काय करायचं ते क्रमाने लिहितो.

आधी नेमकं काय तुटलं ते समजून घ्या

कॅमेरे आणि मोबाइल बहुतेक वेळा `.MP4` किंवा `.MOV` अशी फाइल बनवतात. या फाइलचे ढोबळ तीन भाग असतात. सुरुवातीला काही बाइटांची ओळख असते, तिला `ftyp` म्हणतात. त्यानंतर येतो `mdat`, म्हणजे खरा माल. सगळी चित्रं आणि सगळा आवाज यातच असतो आणि फाइलचा जवळजवळ पूर्ण आकार यानेच भरलेला असतो. तिसरा भाग `moov`, म्हणजे अनुक्रमणिका. पहिलं चित्र कुठून सुरू होतं, ते किती बाइटांचं आहे, त्याच्यानंतर आवाजाचा तुकडा कुठे आहे, सेकंदाला चित्रं किती, चित्र उलगडायची किल्ली कोणती, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं.

गोम अशी आहे की रेकॉर्डिंग चालू असताना कॅमेऱ्याला ही अनुक्रमणिका पूर्ण लिहिताच येत नाही, कारण पुढे किती चित्रं येणार हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून तो ती स्वतःच्या मेमरीत जमवत राहतो आणि तुम्ही थांबवायचं बटण दाबलं की फाइलच्या शेवटी लिहून टाकतो. बटण दाबण्याआधी वीज गेली, बॅटरी निसटली किंवा कुणी कार्ड उपसलं, तर माल कार्डावर पडलेला असतो आणि अनुक्रमणिका मेमरीबरोबर पुसली जाते. `mdat`मध्ये चित्रं आणि आवाज एकाला एक चिकटून असतात, मध्ये कुठे रिकामी जागा नसते. त्यामुळे प्लेअरला कुठे काय आहे ते कळत नाही आणि तो फाइल नाकारतो.

यातूनच दुरुस्तीची मर्यादा कळते. माल कार्डावर असेल तर अनुक्रमणिका पुन्हा बांधता येते. माल पडलाच नसेल किंवा त्यावर दुसरं काही लिहिलं गेलं असेल, तर कुठलंही सॉफ्टवेअर तो निर्माण करू शकत नाही. पुढच्या पायऱ्यांपैकी दुसरी आणि तिसरी फक्त एवढंच तपासण्यासाठी आहेत.

पायरी १: कार्डावर आता काहीही लिहू नका

ज्या क्षणी रेकॉर्डिंग तुटल्याचं कळेल, त्या क्षणी ते कार्ड काढून बाजूला ठेवा आणि पुढच्या कार्यक्रमाला दुसरं कार्ड वापरा. हे सांगायला सोपं आहे, पण मांडवात वरात दारात आलेली असताना जड जातं. तरीही करा, कारण त्या कार्डावर केलेलं पुढचं रेकॉर्डिंग तुमच्या हरवलेल्या मालावरच जाऊन बसू शकतं.

कार्डाच्या कडेला छोटी सरकपट्टी असते, ती लॉकच्या बाजूला सरकवा. मायक्रो कार्ड असेल तर ते मोठ्या अडॅप्टरमध्ये घाला, त्याला ही पट्टी असते. मग कार्ड संगणकाला लावा. विंडोज कधीकधी कार्ड तपासून दुरुस्त करू का असं विचारतं, तर कधी फॉरमॅट करा म्हणतं. दोन्हीला नकार द्या. ती दुरुस्ती फायलींच्या यादीची असते, तुमच्या व्हिडिओची नाही. त्या यादीत अर्धवट राहिलेली नोंद ती कापूनही टाकू शकते.

आता कार्डाची जशीच्या तशी प्रत काढा. नुसत्या फायली नव्हेत, तर पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत अख्खं कार्ड. विंडोजवर `Win32 Disk Imager` हे मोफत साधन आहे. त्यात प्रतीच्या फाइलचं नाव द्यायचं, कार्डाचं ड्राइव्ह अक्षर निवडायचं आणि `Read` दाबायचं. चुकून `Write` दाबू नका, ते उलट्या दिशेने काम करतं. लॉकची पट्टी लावून ठेवायचं आणखी एक कारण हेच. ६४ जीबीच्या कार्डाची प्रतही ६४ जीबीचीच होते, तेवढी जागा आधी मोकळी करा. लिनक्स असेल आणि कार्ड वाचताना अडखळत असेल तर हे वापरा:

```
sudo ddrescue -d /dev/sdb card.img card.map
```

इथे `/dev/sdb` ऐवजी तुमच्या कार्डाचं नाव येईल. ते आधी `lsblk` या आज्ञेने पाहून घ्या.

प्रत झाली की न उघडणारी फाइल संगणकावर वेगळी उतरवून घ्या. कॅमेरा त्याच कार्डावर `.DAT` किंवा `.RSV` अशा शेपटाची अनोळखी मोठी फाइल सोडून गेला असेल तर तीही घ्या. काही कॅमेरे अर्धवट राहिलेलं रेकॉर्डिंग याच नावांनी ठेवतात आणि लोक कचरा समजून ते उडवून टाकतात.

एवढं झाल्यावर, प्रत हातात असतानाच, लॉक काढून मूळ कार्ड त्याच कॅमेऱ्यात परत घाला आणि पूर्ण चार्ज बॅटरीवर तो चालू करा. बरेच कॅमेरे तुटलेली फाइल ओळखतात आणि दुरुस्त करू का असं पडद्यावर विचारतात. हो म्हणा. कॅमेऱ्याला स्वतःची रचना सगळ्यांत चांगली ठाऊक असते, म्हणून त्याने केलेली दुरुस्ती बहुधा सर्वांत स्वच्छ असते. माझ्या कॅमेऱ्याने काहीच विचारलं नाही. म्हणून पुढे जावं लागलं.

पायरी २: फाइलचा आकार मोजा

आशा ठेवायची की नाही, हे बऱ्याच अंशी इथेच कळतं. हिशोबाला कॅमेऱ्याच्या मेनूतला एक आकडा लागतो, सेकंदाला किती मेगाबिट लिहितो तो. माझा कॅमेरा चित्रासाठी ५० आणि आवाजासाठी साधारण १.५ मेगाबिट लिहितो, म्हणजे मिळून ५१.५. बिटांचे बाइट करायला ८ ने भागायचं. म्हणजे सेकंदाला जवळपास ६.४४ मेगाबाइट झाले. सव्वादहा ते दहा सदतीस ही २२ मिनिटं, म्हणजे १३२० सेकंद. गुणाकार केला की साधारण ८५०० मेगाबाइट येतात. विंडोज १०२४ च्या हिशोबाने मोजतं म्हणून तिथे हा आकडा ७.९ जीबी दिसायला हवा.

माझी फाइल ७.७ जीबी दिसत होती. उलट हिशोब केला तर साडेएकवीस मिनिटांच्या थोडं खाली. म्हणजे जवळजवळ सगळा माल जागेवर होता. शेवटचे काही सेकंद नेहमीच जातात, कारण ते कार्डावर पोचण्याआधी कॅमेऱ्याच्या मेमरीत असतात.

तुमची फाइल ० केबी दिसली तर प्रकरण वेगळं आहे. माल कार्डावर असूही शकतो, पण फायलींच्या यादीत त्याची नोंद झालेली नाही. तेव्हा फाइल दुरुस्तीचं साधन उपयोगाचं नाही, कारण त्याला द्यायला फाइलच नाही. आधी अख्ख्या कार्डाच्या प्रतीत माल शोधून बाहेर काढावा लागतो. तो सलग पडलेला असेल तर निघतो. जुन्या फायली उडवून-उडवून वापरलेल्या कार्डावर मात्र तो तुकड्या-तुकड्यांत विखुरलेला असतो आणि तुकडे जुळवणं फार अवघड होतं. हे काम डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडे न्या आणि त्याला कार्डाऐवजी आधी प्रत द्या.

आकार अपेक्षेपेक्षा खूपच कमी असेल, समजा २२ मिनिटांना फक्त १ जीबी, तर दुरुस्ती फार तर त्या १ जीबीत मावणाऱ्या मिनिटांचीच होईल.

एक गोष्ट लोक विसरतात. कॅमेरा ४ जीबीला एक फाइल अशी लांब रेकॉर्डिंगची तुकड्यांत विभागणी करत असेल, तर आधीच्या फायली बहुधा व्यवस्थित बंद झालेल्या असतात आणि फक्त शेवटची तुटते. घाबरण्याआधी तेवढं पाहा.

पायरी ३: आत खरंच माल आहे का ते डोळ्यांनी पाहा

आकार बरोबर आहे म्हणजे आत चित्रं आहेतच असं नाही. काही उपकरणं जागा आधीच अडवून ठेवतात आणि ती रिकामीच राहते. `HxD` हे मोफत साधन उघडा आणि त्यात फाइल टाका. कच्चे बाइट आकड्यांच्या जोड्यांत दिसतील. पहिल्याच ओळीत पाचव्या बाइटपासून `66 74 79 70` असं दिसायला हवं, उजवीकडे त्याचंच `ftyp` असं वाचता येतं. त्यानंतर जवळपास कुठेतरी `mdat` सापडेल.

मग सरकपट्टी पकडून फाइलच्या पाव, अर्ध्या आणि पाऊण भागात जाऊन पाहा. सगळीकडे वेडेवाकडे, पुन्हा न येणारे आकडे असतील तर तो व्हिडिओचा माल आहे. दाबून साठवलेला व्हिडिओ असाच अर्थहीन दिसतो. पानंच्या पानं `00 00 00` किंवा `FF FF FF` असेल तर तो भाग रिकामा आहे आणि तिथलं काही मिळणार नाही. सुरुवातीला माल आणि अर्ध्यानंतर शून्य असंही होतं. मग अर्धं मिळेल.

आता आजाराचं निदान पक्कं करा. `ffmpeg` हे मोफत साधन उतरवलं की त्याबरोबर `ffprobe` येतं. फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत, मध्ये मोकळी जागा न सोडता ठेवा. देवनागरी नावांवर काही साधनं अडतात. ही साधनं आणि फाइल एकाच फोल्डरमध्ये ठेवा, फोल्डरच्या पत्त्याच्या पट्टीत `cmd` लिहून एंटर दाबा आणि उघडलेल्या काळ्या खिडकीत ही आज्ञा द्या:

```
ffprobe -hide_banner tutleli.mp4
```

उत्तरात `moov atom not found` ही ओळ आली तर हा लेख ज्या आजाराबद्दल आहे तोच तुमचा आजार आहे. माझ्याकडे हीच ओळ आली. त्याऐवजी चित्राचा आकार, सेकंदाला चित्रं, कालावधी असा व्यवस्थित तपशील आला, तर फाइल तुटलेलीच नाही. तुमच्या प्लेअरला तो प्रकार वाचता येत नाही एवढंच. व्हीएलसीमध्ये उघडून पाहा, बहुतेक चालेल.

फाइल कॉपी करताना किंवा कुणी पाठवताना अर्धवट आली असेल तरी हीच ओळ येते, कारण शेपटातली अनुक्रमणिका आलेलीच नसते. अशा वेळी दुरुस्तीच्या मागे लागू नका. मूळ फाइल जिथे आहे तिथून पुन्हा घ्या.

पायरी ४: जोडीची चांगली फाइल बनवा

बहुतेकांची दुरुस्ती इथे फसते, म्हणून या पायरीवर वेळ घालवा.

दुरुस्तीचं साधन अनुक्रमणिका हवेतून बनवू शकत नाही. त्याच कॅमेऱ्याची एक धडधाकट फाइल त्याला नमुना म्हणून लागते. त्या नमुन्यावरून ते चित्र उलगडायची किल्ली घेतं, चित्र आणि आवाज कोणत्या क्रमाने आलटून-पालटून येतात ते शिकतं आणि मग तुटलेल्या मालातून एकेक चित्र, एकेक आवाजाचा तुकडा ओळखत पुढे सरकतं. नमुना चुकीचा असेल तर ओळख चुकते.

म्हणून नमुना त्याच कॅमेऱ्याचा हवा, त्याच मॉडेलचा पण मित्राकडचा कॅमेरा हा शेवटचा उपाय. चित्राचा आकार तोच, सेकंदाला चित्रं तितकीच, मेगाबिट तितकेच, आवाजाची सेटिंगही तीच हवी. मोबाइल असेल तर तोच मोबाइल, तेच कॅमेरा ॲप, तोच मोड, आणि आडवा धरला होता की उभा तेही तसंच. मध्यंतरी मोबाइलचा अपडेट झाला असेल तर अपडेटच्या आधीची एखादी जुनी फाइल शोधा. सगळ्यांत उत्तम नमुना म्हणजे त्याच दिवशी, त्याच कार्डावर, सेटिंग न बदलता आधी घेतलेली चालणारी फाइल. ती नसेल तर दुसऱ्या कार्डावर दोन-तीन मिनिटांचं नवं रेकॉर्डिंग करा. कॅमेऱ्यासमोर माणूस हलता-बोलता ठेवा, झाकण लावलेला काळा पडदा नको.

मी इथेच घसरलो. कानबाईच्या सकाळी रोट भाजतानाची एक फाइल होती, तीच नमुना म्हणून दिली. दुरुस्ती झाली, व्हिडिओ उघडला, मी आनंदाने ओरडणारच होतो. पण मामी दुप्पट वेगाने टाळ्या वाजवत होती. आवाज मात्र संथ, बरोबर. चित्र १० मिनिटं ४१ सेकंदांत संपलं आणि आवाज पुढे एकवीस मिनिटांपर्यंत चालूच राहिला. सकाळी धूर आणि हालचाल छान दिसावी म्हणून मी सेकंदाला ५० चित्रं घेतली होती, रात्री २५ वर आलो होतो. साधनाने नमुन्यावर विश्वास ठेवून प्रत्येक चित्राला निम्माच वेळ दिला होता.

ही खूण लक्षात ठेवा. चित्र आवाजाच्या बरोब्बर निम्म्या किंवा दुप्पट वेळात संपत असेल तर माल ठीक आहे, नमुना चुकला आहे. चित्राऐवजी हिरवे-करडे चौकोन दिसत असतील तर बहुधा उलगडायची किल्ली जुळत नाही, म्हणजे चित्राचा आकार किंवा प्रकार वेगळा आहे. आवाजाऐवजी कर्कश खरखर येत असेल तर साधन चित्राचे बाइट आवाज समजून वाजवत आहे, तेव्हा आवाजाची सेटिंग तपासा.

म्हणून नमुना वापरण्याआधी तोही `ffprobe`मधून पाहा. मला रात्रीच्या सेटिंगवर घेतलेल्या नव्या फाइलमध्ये ओळीच्या शेवटी `25 fps` दिसलं, तेव्हाच पुढे गेलो.

पायरी ५: दुरुस्ती

मी वापरतो ते साधन `untrunc`. ते मोफत आणि खुलं आहे. मूळ फेदेरिको पोंकियो यांनी लिहिलं, पण आज वापरायची ती `anthwlock/untrunc` या नावाने गिटहबवर असलेली आवृत्ती. ती मोठ्या फायली झेपवते, जास्त प्रकारचे कॅमेरे ओळखते आणि विंडोजसाठी तयार बांधलेली मिळते. झिप फाइल उघडून एका फोल्डरमध्ये ठेवा. त्याच फोल्डरमध्ये नमुना `changli.mp4` आणि तुटलेली `tutleli.mp4` ठेवा. तुटलेलीची प्रतच वापरा, एकुलती एक फाइल नाही. डिस्कवर तुटलेल्या फाइलइतकी तरी जागा मोकळी असू द्या, कारण नवी फाइल तेवढीच होते.

फोल्डरच्या पत्त्याच्या पट्टीत `cmd` लिहून एंटर दाबलं की काळी खिडकी तिथेच उघडते. त्यात:

```
untrunc changli.mp4 tutleli.mp4
```

क्रम महत्त्वाचा आहे, आधी चांगली, मग तुटलेली. माझ्या साध्या लॅपटॉपवर ७.७ जीबीला चहा होऊन थंड होईपर्यंत वेळ लागला. संपलं की त्याच फोल्डरमध्ये नावात `_fixed` असलेली नवी फाइल येते.

तिचा कालावधी पायरी २ मधल्या हिशोबाशी ताडून पाहा. हिशोब एकवीस मिनिटांचा आणि फाइल चारच मिनिटांची असेल, तर साधन मध्येच न ओळखलेल्या बाइटांपाशी थांबलं आहे. तेव्हा हे करून पाहा:

```
untrunc -s changli.mp4 tutleli.mp4
```

`-s` लावलं की ते अनोळखी भाग ओलांडून पुढे ओळखीचा माल सापडतो का ते शोधतं. याला वेळ जास्त लागतो, आणि ओलांडलेल्या जागी चित्र उडी मारतं. पण मागचं सगळं जाण्यापेक्षा ती उडी परवडते. त्यानेही काम झालं नाही तर साधनाला दोष देण्याआधी दुसरा, जास्त लांबीचा नमुना देऊन पाहा. माझ्या अनुभवात नमुना बदलूनच जास्त फायली दुरुस्त झाल्या आहेत.

माझं दुसऱ्या प्रयत्नात, योग्य नमुन्याने, `-s` न लावताच झालं. लांबी आली २१ मिनिटं २२ सेकंद.

पायरी ६: उघडली म्हणजे झाली असं नाही

सुरुवात पाहून खूश होऊ नका. आधी संपूर्ण फाइल उलगडून चुका मोजा:

```
ffmpeg -v error -i fixed.mp4 -f null -
```

फाइलचं नाव तुमचं घाला. काहीही न छापता आज्ञा संपली तर फाइल स्वच्छ आहे. शेवटी दोन-चार तक्रारी आल्या तर चालतील, कारण शेवटचं चित्र अर्धवट लिहिलेलं असतं. पानभर तक्रारी आल्या तर मधला माल खराब आहे.

मग ओठ आणि आवाज जुळतात का ते तीन ठिकाणी पाहा, सुरुवातीला, मध्यात आणि शेवटी. टाळी, ढोलाचा ठोका किंवा भांडं ठेवल्याचा आवाज यासाठी उत्तम. तिन्ही ठिकाणी फरक सारखाच असेल तर एडिटिंगमध्ये आवाज तेवढा सरकवला की काम होतं. फरक वाढत जात असेल तर चित्राचा वेग जुळत नाही. मोबाइलच्या फायलींत हे नेहमी होतं, कारण मोबाइल उजेड कमी झाला की सेकंदाला चित्रंही कमी करतो आणि कुठल्या चित्राला किती वेळ होता ही नोंद हरवलेल्या अनुक्रमणिकेतच होती. तेव्हा `untrunc`चा `-sv` हा पर्याय चित्राची लांबी आवाजाइतकी ताणतो. पूर्ण अचूक होत नाही, पण बोलणं ऐकण्यालायक होतं.

नवी फाइल एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये अडखळत असेल तर तिची एकदा नव्याने बांधणी करा. यात चित्राचा दर्जा कमी होत नाही:

```
ffmpeg -i fixed.mp4 -c copy swachha.mp4
```

आवाज `pcm` प्रकारचा असेल आणि `.mp4` बनवताना तक्रार आली तर शेवटचं नाव `swachha.mov` असं द्या.

दुकानात नेण्याआधी

जळगाव, धुळे, भुसावळला मेमरी कार्डाचा डेटा काढून देणारी दुकानं आहेत आणि कार्डच संगणकाला दिसत नसेल तर त्यांच्याकडेच जायला हवं. पण `moov atom not found` एवढाच आजार असेल तर वरचं घरी करून पाहा. तरीही कुणाला पैसे द्यायचे असतील, मग तो दुकानदार असो की विकतचं सॉफ्टवेअर, आधी तुमच्याच फाइलचा दुरुस्त झालेला मधला तुकडा आवाजासह पाहायला मागा. नमुना फाइल न मागता दुरुस्त करून देतो म्हणणाऱ्याबद्दल सावध राहा. फार प्रसिद्ध मॉडेल असेल तर त्याच्याकडे स्वतःचा नमुना असू शकतो, पण तुमच्या सेटिंगचा असेलच असं नाही.

पुढच्या वेळी

माझी चूक खोट्या बॅटरीवर विसंबण्याची होती. तिच्यात साठा नसतो, म्हणून बोर्ड बंद झाला की कॅमेऱ्याला फाइल बंद करायला एक सेकंदही मिळत नाही. खरी बॅटरी संपत आली की कॅमेऱ्याला ते आधी कळतं आणि तो फाइल नीट बंद करून मगच विझतो. म्हणून आता मी खरी बॅटरी आत ठेवतो आणि कॅमेऱ्याला यूएसबीमधून पॉवर बँकेने चार्जिंग देतो. लाईट गेली तरी दोघांवर परिणाम होत नाही.

दोन कार्डांवर एकदम रेकॉर्डिंग करणाऱ्यांना एक सांगायला हवं. कार्ड खराब झालं तर दुसरं वाचवतं हे खरं, पण वीज गेली तर दोन्ही फायली एकाच क्षणी, सारख्याच अर्धवट राहतात. यावर उपाय एकच, गाणं संपलं, मंगलाष्टकं संपली, की रेकॉर्डिंग थांबवून पुन्हा सुरू करा. तुटलीच तर शेवटची फाइल तुटेल. संगणकावर ओबीएसने रेकॉर्ड करत असाल तर सेटिंगमध्ये `mkv` निवडा. ते मध्येच तुटलं तरी तिथपर्यंतचा भाग चालतो आणि नंतर त्याचं `mp4` करता येतं.

आणि प्रत्येक कार्यक्रमाला पोचल्यावर, खऱ्या सेटिंगवर, दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग करा आणि ते पुसू नका. सेटिंग मध्ये बदललं तर पुन्हा एक करा. लाईट गेलीच तर योग्य नमुना आधीच कार्डावर असतो.

मामीला फाइल ऐकवली तेव्हा ती शेवटपर्यंत ऐकत राहिली आणि जिथे लाईट गेली तिथून पुढचं कडवं तिने तसंच, न थांबता म्हटलं. ते मी मोबाइलवर वेगळं घेतलं, बटण दाबून नीट बंद केलं. कार्डाची ६४ जीबीची ती प्रत अजून डिस्कवर आहे. दोन्ही फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवून, तिथून पूर्ण वाजवून पाहिल्याशिवाय ती पुसणार नाही.